चिखलातला कार्बन मोजताना

‘एका हेक्टर कांदळवनात अमुक इतके टन कार्बन’ अशा बातम्या आता अधूनमधून वाचायला मिळतात. आकडा मोठा असतो. तो आला कुठून, हे मात्र बातमीत नसते. २०११ साली डोनॅटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी-प्रशांत महासागर भागातल्या २५ कांदळवनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हेक्टरी सरासरी १०२३ टन कार्बन निघाला आणि त्याचा ४९ ते ९८ टक्के वाटा झाडांत नसून पायाखालच्या चिखलात होता. दोन वर्षांनी आयपीसीसीने पाणथळ जागांसाठी मार्गदर्शिका काढली. जिथे स्वतःची मोजणी झालेली नाही तिथे कांदळवनाच्या वरच्या एक मीटर मातीसाठी हेक्टरी ३८६ टन धरावे आणि समुद्री गवतासाठी १०८ टन धरावे, असे तिने सांगितले. आपल्या कोकणातल्या एखाद्या खाडीत प्रत्यक्ष नमुना काढून नीट हिशेब केला, तर तो दीडशेच्या आसपास थांबू शकतो. तोच नमुना वेगळ्या सूत्रात घातला, तर तो पाचशेच्या जवळ जातो. दोन्ही आकडे ‘मोजलेले’ म्हणूनच छापले जातात. हे कसे घडते, ते बघण्यासारखे आहे.

चिखलात कार्बन साठतो त्याचे कारण साधे आहे. पाने, फांद्या, मुळे कुठल्याही जंगलात पडतात आणि कुजतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळाला की त्या पाल्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. खाडीच्या चिखलात मात्र वरचे काही मिलिमीटर सोडले, किंवा खेकड्यांची बिळे सोडली, तर प्राणवायू पोचतच नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हे काम फार संथ चालते. कांदळवनात पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो त्यांच्याच कामाचा. वरून प्रत्येक भरतीबरोबर नवा गाळ येऊन बसतो आणि कालचा पाला आणखी खोल जातो. असे शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षे चालले की खाली कार्बनचा साठा तयार होतो. समुद्रकाठच्या अशा साठ्यांना ‘ब्लू कार्बन’ हे नाव २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालातून रूढ झाले.

हा साठा मोजायचा म्हणजे चिखलाचा उभा नमुना काढायचा. त्याला सगळे ‘कोअर’च म्हणतात. कामाची वेळ ओहोटीवर ठरते. पाणी उतरताना होडीने आत शिरायचे आणि भरती परत फिरायच्या आत बाहेर पडायचे, म्हणजे हातात जेमतेम तीन-चार तास असतात. नमुना कुठून काढायचा हे आधीच ठरवून यावे लागते, कारण खाडीच्या कडेचा चिखल आणि शंभर मीटर आतला चिखल एकसारखा नसतो. कडेला पांढऱ्या चिप्पीखाली भरती रोज दोनदा धुऊन जाते, तिथला गाळ ताजा आणि पातळ असतो. आत तिवराखाली पाणी रेंगाळते, बारीक माती बसते, मुळांचे जाळे दाट होते. कांदळाच्या कमानीसारख्या मुळांखाली आणखी वेगळी स्थिती. म्हणून पट्ट्यांप्रमाणे विभागणी करून प्रत्येक पट्ट्यातून अनेक कोअर काढतात आणि पट्ट्याच्या क्षेत्रफळानुसार सरासरी काढतात. होडीतून उतरल्यावर जिथे पाय नीट टेकतो तिथेच पाइप ठोकायचा मोह सगळ्यांना होतो. तसे केले की सगळा हिशेब कडेच्या टणक जागेचा होतो आणि तो अख्ख्या जंगलाच्या नावावर लागतो.

कोअर काढण्यापूर्वी एक काम असते आणि ते घाईत राहून जाते. लोखंडी सळई चिखलात खुपसून खडक किती खोल आहे ते बघायचे. हिशेब एक मीटरपर्यंत करायचा हा संकेत आहे, निसर्गाने तसे काही ठरवलेले नाही. मोठ्या त्रिभुज प्रदेशात चिखल कित्येक मीटर खोल असतो, तेव्हा एक मीटरचा आकडा कमी भरतो. कोकणात उलटे होते. खडकाळ किनाऱ्यावरच्या अरुंद खाड्यांत कधीकधी साठ सेंटिमीटरवरच सळई खणकन वाजते. तिथे एक मीटरचा हिशेब लिहिला, तर चाळीस सेंटिमीटर दगडात कार्बन दाखवला जातो.

आता पाइप. बहुतेक ठिकाणी पाच-सहा सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी किंवा अॅल्युमिनियमचा पाइप वापरतात. खालची कड घासून धारदार करतात, वर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने पाइप आत घालतात. मग वरचे तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करतात, म्हणजे पाइप उपसताना आतल्या ओढीमुळे चिखल खाली गळत नाही. बाहेर येताच खालचे तोंडही बंद करायचे, वर-खाली कुठले ते पाइपवर लिहायचे आणि नमुना बर्फाच्या पेटीत घालायचा. नाहीतर जिवाणू वाटेतच आपले काम पुढे नेतात.

पण पाइप उपसण्यापूर्वी दोन मापे घ्यायची असतात आणि सगळ्या कामातली सर्वांत मोलाची मापे हीच. समजा पाइप दीड मीटरचा आहे आणि तो एक मीटर आत गेला. म्हणजे बाहेर ५० सेंटिमीटर दिसतो. आता मोजपट्टी पाइपच्या आत सोडायची. आतला चिखलही ५० सेंटिमीटरवरच लागायला हवा. तो लागतो ६५ वर. म्हणजे एक मीटर चिखल पाइपमध्ये ८५ सेंटिमीटरमध्ये बसला. पिठाचा डबा आपटून आपटून भरला की पीठ तेवढेच राहते आणि जागा कमी घेते, तसे झाले. आतला कार्बन हरवलेला नाही. पण ही दुसरी नोंद घेतली नाही, तर प्रयोगशाळेत दाबलेल्या चिखलाची घनता निघते, तिला पूर्ण शंभर सेंटिमीटरने गुणले जाते आणि साठा जवळजवळ १८ टक्के जास्त येतो. नोंद असेल तर दुरुस्ती सोपी आहे. पाइपमधला प्रत्येक पाच सेंटिमीटरचा काप जमिनीतल्या जवळपास ५.९ सेंटिमीटरचा धरायचा.

या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. वरचा लिबलिबीत थर जास्त दबतो आणि खालचा घट्ट थर कमी, पण दुरुस्ती सगळीकडे सारखीच लावली जाते. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी पाइपच्या तोंडाशी मुळांचा गुंता अडकून बूच बसते. मग पाइप खाली जातो, पण चिखल आत न येता बाजूला ढकलला जातो. मोजपट्टीला ते दाबल्यासारखेच दिसते, प्रत्यक्षात तो थर नमुन्यात आलेलाच नसतो. हे ओळखायचे तर शेजारीच ‘रशियन कोरर’ने दुसरा नमुना घ्यावा लागतो. हे अवजार अर्ध्या नळकांड्यासारखे असते. ते बंद अवस्थेत खोल घालून तिथे अर्धा वळसा फिरवले की चिखलाचा काप बाजूने आत बंद होतो, दाबला जात नाही. दोन्हींच्या घनता जुळल्या तर पाइपवर भरवसा ठेवता येतो. दाट मुळांत मात्र रशियन कोरर अडकून बसतो, त्यामुळे पाइपची पूर्ण सुटका होत नाही.

पाइप उभा चिरला की आत काय दिसते? वर करड्या-तपकिरी रंगाचा पातळ थर, त्याखाली एकदम काळसर, जिवंत केसांसारख्या मुळांनी गुंफलेला चिखल. मग कुठे वाळूची रेघ, एखाद्या मोठ्या पुराची किंवा उधाणाची असावी अशी. कुठे शंख-शिंपल्यांचा चुरा, कुठे अर्धवट कुजलेले लाकूड, बोटांनी दाबले तर तुटणारे. खाली जाऊ तसा चिखल घट्ट आणि एकसुरी होत जातो. या सगळ्यातून पाच-पाच सेंटिमीटरचे काप करतात. ५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपमधला असा एक काप म्हणजे ९८ घन सेंटिमीटर. तो ६० अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात, याला दोन-तीन दिवस सहज लागतात. कोरडे वजन ५९ ग्रॅम भरले, तर ५९ भागिले ९८ म्हणजे ०.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर ही घनता झाली. मग त्याच वाळलेल्या चिखलात कार्बन किती टक्के, ते शोधायचे. घनता, टक्केवारी आणि थराची जाडी यांचा गुणाकार म्हणजे त्या थराचा साठा.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण कोकणातल्या मातकट खाडीत असे निघायला हरकत नाही. सोयीसाठी कापांचे तीन थर केले. वरच्या २० सेंटिमीटरमध्ये घनता ०.६ आणि कार्बन २.८ टक्के. पुढच्या ३० सेंटिमीटरमध्ये घनता ०.८, कार्बन २ टक्के. शेवटच्या ५० सेंटिमीटरमध्ये घनता ०.९५, कार्बन फक्त १.४ टक्के. गुणाकार करून हेक्टरवर नेले तर वरच्या थरात ३४ टन, मधल्यात ४८ आणि तळच्यात ६६.५ टन येतात. एकूण हेक्टरी सुमारे १४८ टन.

यात लक्ष ठेवण्यासारखी गोष्ट तळच्या थराची आहे. टक्केवारी तिथे सर्वांत कमी, तरी साठा सर्वांत जास्त, कारण चिखल घट्ट आहे आणि थर जाड आहे. म्हणून ‘आमच्या कांदळवनाच्या मातीत इतके टक्के कार्बन’ या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नसतो. टक्केवारी जास्त असलेला चिखल बहुधा हलका असतो. घनता सांगितल्याशिवाय टक्केवारी सांगणे म्हणजे भाव सांगून वजन लपवणे.

खरा घोळ होतो तो टक्केवारी काढताना. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मूलद्रव्य-विश्लेषक यंत्र. त्यात चिमूटभर चिखल प्रचंड तापमानाला जाळून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड थेट मोजतात. त्याआधी सौम्य आम्ल टाकून शिंपल्यांचा चुना काढून टाकावा लागतो. चुन्यातही कार्बन असतो, पण तो पानाफुलांचा नव्हे आणि यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. आम्ल टाकल्यावर फसफसले तर चुना आहे, आणि फसफसणे पूर्ण थांबेपर्यंत आम्ल देत राहायचे. हा मार्ग अचूक आहे, पण यंत्र महाग आणि प्रत्येक नमुन्याला खर्च. एका अभ्यासात शेकडो काप असतात.

म्हणून दुसरा, स्वस्त मार्ग. वाळलेला चिखल भट्टीत ४५० अंशांवर चार ते आठ तास तापवायचा आणि वजन किती घटले ते बघायचे. घटलेले वजन म्हणजे जळून गेलेले सेंद्रिय द्रव्य. त्यात कार्बन किती, हे एखाद्या ठरावीक सूत्राने काढायचे. कांदळवनासाठी जगभर वापरले जाणारे एक सूत्र प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवरून आले आहे. ‘ब्लू कार्बन’च्या कामाची जी मार्गदर्शक पुस्तिका २०१४ मध्ये निघाली, तिच्यातही ते आहे. घटलेल्या वजनाच्या टक्केवारीला ०.४१५ ने गुणा आणि त्यात २.८९ मिळवा, की कार्बनची टक्केवारी आली.

त्या २.८९ कडे जरा थांबून बघा. चिखलात जळण्यासारखे काहीही नसले, तापवून वजन तसूभरही घटले नाही, तरी हे सूत्र २.८९ टक्के कार्बन देणार. पलाऊच्या चिखलात पाला-मुळांचे प्रमाण भरपूर, तिथे कार्बनची टक्केवारी मुळातच मोठी, त्यामुळे ही मिळवणी तिथे खपून जाते. सूत्र तिथल्या नमुन्यांवर बेतलेले आहे आणि तिथे वापरायला ते ठीक आहे. आमच्या उदाहरणातल्या तळच्या थरात खरा कार्बनच १.४ टक्के होता.

दुसरी अडचण आपल्या मातीची. सह्याद्रीच्या काळ्या खडकाची झीज होऊन जी चिकणमाती नद्यांबरोबर खाडीत येते, तिच्या थरांमध्ये पाणी अडकलेले असते आणि ६० अंशांवर ते पूर्ण निघत नाही. जांभ्या दगडाच्या पट्ट्यातून येणाऱ्या लोह आणि अॅल्युमिनियमच्या खनिजांत तर पाणी रचनेतच बांधलेले असते आणि ते सुमारे ३०० अंशांच्या आसपास सुटते. भट्टी ४५० अंशांवर असल्याने हे सगळे पाणी वजनातून वजा होते आणि ‘सेंद्रिय द्रव्य जळाले’ म्हणून नोंदले जाते. म्हणजे वजन घटते पाण्यामुळे आणि खात्यावर कार्बन चढतो.

वरच्याच उदाहरणात समजा भट्टीत वजन अनुक्रमे १०, ८ आणि ६ टक्के घटले. पलाऊच्या सूत्राने कार्बन ७.०४, ६.२१ आणि ५.३८ टक्के येतो. त्याच घनता आणि त्याच जाड्या घेतल्या की साठा हेक्टरी ४८९ टन होतो. तोच पाइप, तोच चिखल, आणि उत्तर १४८ ऐवजी ४८९. तिपटीहून जास्त. नमुना काढणाऱ्याने चिखलात उतरून केलेली सारी काळजी एका ओळीच्या सूत्रात वाहून गेली. आणि गंमत म्हणजे ४८९ हा आकडा आयपीसीसीच्या ३८६ च्या आसपासचाच असल्याने कुणाला खटकत नाही. १४८ आला असता तर मात्र ‘इतका कमी कसा?’ असा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला असता.

यातून बाहेर पडण्याचा उपाय माहीत आहे आणि तो फार अवघड नाही. भट्टीत घालण्यापूर्वी नमुना १०५ अंशांवर पुन्हा वाळवायचा, म्हणजे सैल अडकलेले पाणी बरेचसे जाते. आणि सगळ्या कापांपैकी काही काप, वरचे, मधले, तळचे, कडेचे, आतले असे निवडून, भट्टी आणि यंत्र दोन्हींतून काढायचे. त्यांवरून त्या खाडीचे स्वतःचे सूत्र बसवायचे आणि उरलेल्या सगळ्या कापांना ते लावायचे. एखाद्या अभ्यासात हे केले आहे का, ते अहवालाच्या पद्धतीच्या पानावर दोन ओळींत लिहिलेले असते. नसेल लिहिले, तर केलेले नाही असे धरावे.

समुद्री गवताकडे वळले की अडचणींची तऱ्हा बदलते. कोकणच्या गढूळ पाण्यात हे गवत फारसे वाढत नाही. आपल्या देशात त्याची मोठी कुरणे मन्नारचे आखात आणि पाल्कचा उपसागर इथे आहेत. पाल्कमध्ये या गवतावर जगणाऱ्या डुगाँगसाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र जाहीर केले. तिथे कोअर पाणबुड्यांना काढावा लागतो. तळ वाळूचा, म्हणून पाइप उपसताना नमुना खालून ओघळून जातो. पाणबुड्या वाळूत हात घालून पाइपच्या खालच्या तोंडाला आतच बूच लावतो, मग वर येतो. वाळूत प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुना भरपूर, त्यामुळे आम्ल पुरेसे दिले नाही तर चुन्याचा कार्बन गवताच्या नावावर जातो. भट्टीवर काम असेल, तर तापमान फार वर जाऊ न देणे महत्त्वाचे, नाहीतर चुनाच फुटायला लागतो.

आणखी एक गोष्ट गवताच्या बाबतीत लख्ख दिसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात समुद्री गवताखालच्या गाळात सापडणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण निम्माच त्या गवताचा निघाला. बाकीचा शेवाळ, प्लवक, नदीतून वाहून आलेला कचरा. गवताची पाती पाण्याचा वेग कमी करतात आणि जे वाहत येते ते खाली बसते. कुठला कार्बन कुणाचा, हे कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून बऱ्यापैकी कळते, कारण समुद्री गवतात जड अणूंचे प्रमाण झाडांपेक्षा ठळकपणे जास्त असते. शहरालगतच्या खाडीत हा प्रश्न आणखी बोचरा होतो. ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी चिखलात सांडपाण्याचाही कार्बन आहे. तो कांदळवनाने अडवला हे खरे, पण तो कांदळवनाने हवेतून ओढला असे म्हणता येणार नाही.

शेवटी हिशेबाच्या एकेकाचा मुद्दा. अहवालात कधी टन कार्बन असतो, कधी टन कार्बन डायऑक्साइड. पहिल्याला ३.६७ ने गुणले की दुसरा मिळतो, त्यामुळे १४८ चे ५४३ होतात आणि मथळ्याला तेच बरे दिसते. शिवाय हा सगळा साठा आहे, दरवर्षीची भर नव्हे. शेकडो वर्षांत जमलेले १४८ टन ‘हे जंगल दरवर्षी शोषते’ असे छापून आलेले मी वाचले आहे. वर्षाची भर काढायची तर गाळाचे वय लागते. ते शिसे-२१० या किरणोत्सारी अणूवरून काढतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे, त्यामुळे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडचे त्याला सांगता येत नाही, आणि खेकड्यांनी चिखल वर-खाली केला असेल तर तेवढेही धड सांगता येत नाही.

महाराष्ट्रात २०२१ च्या वन सर्वेक्षणाप्रमाणे ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होते. या ३२,४०० हेक्टरांना १४८ ने गुणले तर एक मीटर चिखलातला साठा सुमारे ४८ लाख टन येतो, ४८९ ने गुणले तर १ कोटी ५८ लाख टन. जोवर कोकणच्या मातीसाठी बसवलेले सूत्र वापरलेले दिसत नाही, तोवर यातला दुसरा आकडा कुठल्याही कार्बन-विक्रीच्या करारात मान्य करू नये.